पगाराची पावती अरबीत नेताना

भारतातल्या कारखान्यातून किंवा कंपनीतून मिळणारी पगाराची पावती एकाच पानावर तीन वेगळे हिशेब मांडते. कामगाराला त्या महिन्यात काय मिळाले हा पहिला. त्यातून काय कापले गेले हा दुसरा. मालकाने कामगाराच्या नावाने, पण त्याच्या हातात न देता, बाहेर काय भरले हा तिसरा. ही पावती अरबीत करताना सर्वात जास्त घोळ होतो तो हे तीन हिशेब एकमेकांत मिसळल्यामुळे, आणि त्यातही भविष्य निर्वाह निधीच्या ओळीवर. आखाती देशांत या निधीशी तंतोतंत जुळणारी तरतूद खासगी नोकरदाराच्या ओळखीची नाही. त्यामुळे अनुवादक जवळचा वाटेल तो अरबी शब्द उचलतो आणि वाचणाऱ्याला भलतीच गोष्ट कळते.

दुबई, रियाध किंवा कुवेतमधली न्यायालये सर्वसाधारणपणे अरबीत चालतात आणि इतर भाषेतला कागद मान्यताप्राप्त अनुवादकाच्या अरबी प्रतीसह मागतात. रत्नागिरी-रायगडपासून पुणे-चिंचवडपर्यंतची कितीतरी माणसे तिकडे कामाला असल्याने पोटगीचा दावा, पगाराचा वाद किंवा आधीच्या नोकरीचा पुरावा अशा निमित्ताने इथली पावती तिथल्या फायलीत जाते. मूळ कागद बहुतेक वेळा घरच्या कपाटात असतो आणि अनुवादकापर्यंत पोहोचतो तो मोबाइलवर काढलेला त्याचा फोटो. त्यामुळे काम भाषांतराच्या आधी, वाचनापासूनच सुरू होते.

पुढची सगळी चर्चा एका नमुना पावतीवर करता येईल. पावती चिंचवडमधल्या एका यंत्रचालकाची, जून महिन्याची आहे असे धरू. मूळ वेतन 9,800 रुपये, महागाई भत्ता 3,200, घरभाडे भत्ता 3,900, जादा कामाचा मोबदला 2,000 आणि हजेरी बक्षीस 1,100. एकूण 20,000. कपातीच्या बाजूला भविष्य निर्वाह निधी 1,560, कर्मचारी राज्य विमा 150, व्यवसाय कर 200, कामगार कल्याण निधी 25 आणि उचल 1,000. एकूण कपात 2,935 आणि हातात 17,065. तळाशी बारीक अक्षरांत मालकाचा हिस्सा छापला आहे: निवृत्तिवेतन योजनेत 1,083 आणि भविष्य निर्वाह निधीत 477.

फोटोत हे आकडे इतके स्वच्छ दिसत नाहीत. कागदाची घडी आकड्यावरून जाते, फ्लॅशचा पांढरा डाग नेमका एखाद्या रकमेवर पडतो, कागद फुगलेला असला तर डावीकडचे नाव आणि उजवीकडची रक्कम एका ओळीत दिसत नाहीत. शेवटचा दोष सर्वात फसवा असतो. अक्षर न् अक्षर नीट वाचता येते, पण घरभाड्यासमोर जादा कामाची रक्कम जाऊन बसते. अनेक पावत्यांवर चालू महिन्याच्या रकमेशेजारी एप्रिलपासूनच्या एकूण रकमेचा रकाना असतो. तो कडेने अर्धवट कापला गेला, तर वर्षाची रक्कम महिन्याची म्हणून उचलली जाते. मूळ कागद असलेल्या माणसाकडून नवा फोटो मागवणे हा सर्वात स्वस्त उपाय आहे. कागद सपाट ठेवावा, दिवसाच्या उजेडात फोन बरोबर वर धरावा, चारही कोपरे चौकटीत यावेत, आणि फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावा, म्हणजे तो दाबला जाऊन बारीक आकडे पुसट होत नाहीत.

नमुना पावतीत महागाई भत्त्यावरून घडी गेली आहे आणि आकडा 3,200 आहे की 3,700 हे कळत नाही असे समजा. पावती स्वतःच याची साक्ष देते. कमाईच्या ओळींची बेरीज 20,000 व्हायची असेल तर तिथे 3,200 च लागतात. दुसरी साक्ष कपातीच्या बाजूला आहे. भविष्य निर्वाह निधीची कपात मूळ वेतन आणि महागाई भत्ता यांच्या बारा टक्के असते. 1,560 हे 13,000 चे बारा टक्के आहेत आणि 13,000 मधून 9,800 वजा केले की 3,200 उरतात. तिसरी साक्ष राज्य विम्याची: कामगाराचा वाटा पाऊण टक्का, म्हणजे 20,000 वर 150. तीन वाटांनी एकच आकडा येत असेल तर वाचन बरोबर आहे असे मानायला हरकत नाही.

ही पडताळणी किती ताणायची याला मात्र मर्यादा आहे. निधीची कपात 15,000 रुपयांच्या वेतनमर्यादेवर करायची मुभा कायद्यात आहे, आणि पुष्कळ कंपन्या पगार कितीही असला तरी 1,800 रुपयेच कापतात. अशा पावतीवर 1,800 वरून मूळ वेतन काढता येत नाही. कामगाराने स्वखुशीने जास्त कपात लावून घेतली असेल, किंवा इतर भत्तेही निधीच्या हिशेबात धरले असतील, तरीही बारा टक्क्यांचे गणित जुळत नाही आणि पावती चूक ठरत नाही. म्हणून गणिताचा उपयोग वाचन तपासण्यापुरता करावा. जो आकडा डोळ्यांना अजिबात दिसत नाही, तो गणिताने काढून अनुवादात बसवणे गैर आहे. नवा फोटो मिळत नसेल तर त्या जागी चौकोनी कंसात 'गैर मक्रू', म्हणजे वाचता येत नाही, असे लिहितात. बेरीज मूळ कागदावरच चुकलेली असेल तर ती चुकीचीच ठेवून शेजारी 'कझा फिल-अस्ल', मुळात असेच आहे, अशी नोंद करतात. न्यायालयात अनुवाद मूळ कागदाशेजारी ठेवून पाहिला जातो, आणि परस्पर दुरुस्त केलेला एक आकडा संपूर्ण प्रतीवरचा विश्वास घालवू शकतो.

वाचन पक्के झाले की शब्दांची निवड. पावतीलाच अरबीत 'कसीमतुर-रातिब' किंवा 'कश्फुर-रातिब' म्हणतात. सौदीत 'मसीर' हा शब्द ऐकू येतो, पण तो बहुधा सगळ्या कामगारांच्या एकत्रित पगारपत्रकासाठी वापरतात. त्यामुळे एका माणसाच्या पावतीला पहिले दोन शब्द बरे.

कमाईच्या बाजूच्या बहुतेक ओळींना अरबीत रुळलेले शब्द आहेत. मूळ वेतन म्हणजे 'अर-रातिब अल-असासी', घरभाडे भत्ता म्हणजे 'बदल सकन'. जादा कामाच्या मोबदल्याला 'अज्रुल-अमल अल-इझाफी' म्हणतात, आणि कमाईच्या बेरजेला 'इज्माली अल-मुस्तहक्कात', म्हणजे देय ठरलेल्या रकमांची एकूण. भत्त्यासाठी 'बदल' आणि 'इलावा' हे दोन्ही शब्द कानावर पडतात. आखातात 'इलावा' म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे वार्षिक पगारवाढ येते. म्हणून संपूर्ण पावतीत एकच 'बदल' शब्द धरून ठेवणे शहाणपणाचे आहे.

महागाई भत्त्याला 'बदल गलाउल-मईशा', म्हणजे राहणीमानाच्या महागाईबद्दलचा भत्ता, असा शब्द आहे आणि तो बरोबरही आहे. अडचण त्याच्या वजनाची आहे. अमिरातीच्या कामगार कायद्यात मूळ वेतन आणि भत्त्यांसह एकूण वेतन असा स्पष्ट भेद आहे, आणि सेवासमाप्तीची रक्कम तिथे मूळ वेतनावर काढली जाते. त्यामुळे 'बदल' शब्द दिसला की तिथला वाचक ती रक्कम मुळाबाहेर ठेवतो. भारतीय पावतीत महागाई भत्ता वेगळ्या ओळीत असला तरी निधीच्या हिशेबात तो मूळ वेतनाबरोबरच धरला जातो. काही अनुवादक ही गोष्ट पोहोचवण्यासाठी दोन्ही ओळी एकत्र करून 13,000 मूळ वेतन लिहितात. तसे करू नये. ओळी वेगळ्या ठेवाव्यात आणि निधीची कपात या दोन रकमांच्या बेरजेवर आहे, एवढी एका वाक्याची तळटीप अनुवादकाच्या नावाने द्यावी.

हजेरी बक्षिसाला 'मुकाफअतुल-हुदूर' म्हणता येते. 'मुकाफआ' म्हणजे बक्षीस किंवा मोबदला. हाच शब्द पुढे फार मोठ्या घोटाळ्याचे कारण होतो. मागच्या महिन्यांच्या वेतनफरकाची ओळ पावतीवर असली तर तिथेही जपावे लागते. मराठीतल्या 'थकबाकी'ला शब्दकोशात 'मुतअख्खिरात' सापडते, पण त्यातून रक्कम अजून द्यायची राहिली आहे असा अर्थ निघतो. कमाईच्या रकान्यात ती रक्कम दिली गेली आहे, म्हणून तिथे 'फुरूकात रवातिब साबिका', मागील वेतनांतील फरक, हे नेमके बसते.

कपातींच्या शीर्षकासाठी 'इस्तिक्ताआत' हा शब्द सर्वत्र समजतो. आखातात 'खुसूमात' आणि सौदीत 'हस्मियात' हेही चालतात. मात्र 'खसम' या शब्दाला दंडाचा वास आहे. कामगाराने चूक केली म्हणून पगार कापला, असे त्यातून सुचू शकते. कायद्याने होणाऱ्या कपातीला 'इस्तिक्ताआत' म्हणणे म्हणूनच सुरक्षित. उचलीला 'सुल्फा' म्हणतात, आणि ओळ वसुलीची असल्यामुळे 'उचलीचा हप्ता' असे लिहावे. नुसते 'सुल्फा' लिहिले तर त्या महिन्यात उचल दिली गेली की परत घेतली गेली हे कळत नाही.

व्यवसाय कर आखाती वाचकाला बुचकळ्यात टाकतो, कारण तिथे नोकरदाराच्या पगारातून आयकर कापला जात नाही. 'झरीबा मिहनिया', म्हणजे व्यावसायिक कर, असे नुसते लिहिले तर हा कामगार नोकरीशिवाय स्वतःचा धंदाही करतो अशी समजूत होऊ शकते. मोरोक्कोत अशा नावाचा कर खरोखरच व्यापार-धंद्यावरचा आहे. महाराष्ट्रात हा कर साध्या पगारदारालाही लागतो. दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300, असे वर्षाचे 2,500 रुपये जास्तीत जास्त होतात. म्हणून 'महाराष्ट्र राज्याने काम-व्यवसायावर बसवलेला कर' अशा अर्थाची पूर्ण ओळ लिहावी आणि राज्यासाठी 'विलाया' हा शब्द वापरावा. फेब्रुवारीची पावती हातात असेल तर 300 चा आकडा पाहून वाचनच चुकले असे समजू नये. पावतीवर आयकराची कपातही असली तर तिला 'झरीबतुद-दख्ल अल-मुस्तक्तआ मिनल-मनबअ', उगमापाशीच कापलेला आयकर, असे वेगळे नाव आहे. दोन्ही करांना नुसते 'झरीबा' म्हणून एका ओळीत कोंबू नये.

राज्य विम्याच्या ओळीत 'विलाया' हाच शब्द चुकीचा ठरतो. कर्मचारी राज्य विमा योजना 1948 च्या केंद्रीय कायद्याने आलेली आहे. तिच्या नावातला 'राज्य' हा शब्द शासन या अर्थाने आहे, महाराष्ट्रासारख्या घटक राज्याच्या अर्थाने नाही. इथे 'अत-तअमीन अल-हुकूमी लिल-आमिलीन', कामगारांसाठीचा शासकीय विमा, असे लिहिले की अर्थ पोहोचतो. शब्दांचा क्रम उलटला तर 'शासकीय कामगारांचा विमा' असे होते आणि खासगी कारखान्यातला यंत्रचालक सरकारी नोकर ठरतो. माणसासाठी 'मुवझ्झफ' ऐवजी 'आमिल' निवडण्यालाही कारण आहे. आखाती कामगार कायद्यांत कार्यालयातल्या अधिकाऱ्यापासून मजुरापर्यंत सगळ्यांना 'आमिल' म्हणतात, तर 'मुवझ्झफ'ला पुष्कळ ठिकाणी सरकारी नोकराची छटा आहे.

आता भविष्य निर्वाह निधी. 1952 च्या कायद्याने आलेल्या या निधीची तीन अंगे अरबी शब्दात उतरायला हवीत. कामगाराच्या पगारातून दरमहा ठरलेला हिस्सा जातो, मालक तेवढाच हिस्सा आपल्याकडून घालतो, आणि जमलेली रक्कम व्याजासह त्या कामगाराच्याच नावावरच्या खात्यात राहते. ती त्याची बचत आहे. म्हणून 'सुंदूकुल-इद्दिखार', बचतीचा निधी, हा शब्द सर्वात योग्य आहे. 'सुंदूक' म्हणजे पेटी, आणि अरबी आर्थिक व्यवहारात निधी. पूर्ण नाव 'सुंदूक इद्दिखारिल-आमिलीन अल-हिंदी', कामगारांचा भारतीय बचत निधी, असे होते.

या जागी येणारा सर्वात मोहक चुकीचा शब्द म्हणजे 'मुकाफअत निहायतिल-खिद्मा', सेवासमाप्तीचा मोबदला. आखातातल्या प्रत्येक परदेशी कामगाराला तो तोंडपाठ असतो. नोकरी सुटल्यावर मिळणारी मोठी रक्कम म्हणून तो पीएफच्या जागी पटकन सुचतो. पण त्याची रचना मुळातच वेगळी आहे. अमिरातीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे आणि पुढच्या वर्षांसाठी 30 दिवसांचे मूळ वेतन, सौदीत पहिल्या पाच वर्षांसाठी दरवर्षी अर्ध्या महिन्याचा आणि नंतर एका महिन्याचा पगार असा तो हिशेब असतो, आणि सगळी रक्कम मालक देतो. कामगाराच्या पगारातून त्यासाठी एक पैसाही कापला जात नाही. आता कपातीच्या रकान्यात 'सेवासमाप्तीचा मोबदला 1,560' असे वाचणारा न्यायाधीश किंवा हिशेबनीस काय समजेल? मालकाने जे स्वतः द्यायचे, ते त्याने कामगाराच्या पगारातून काढले, असा सरळ बेकायदेशीर प्रकार त्याला दिसेल.

या शब्दाला भारतीय पावतीतही स्वतःची जागा आहे, पण ती ग्रॅच्युइटीची. 1972 च्या कायद्याने आलेली ग्रॅच्युइटी ही मालकानेच सेवेच्या वर्षांप्रमाणे द्यायची रक्कम आहे आणि आखाती मोबदल्याशी तिचे नाते जवळचे आहे. काही पावत्यांवर किंवा नियुक्तिपत्रांवर मालकाचा एकूण खर्च दाखवताना ग्रॅच्युइटीची तरतूदही छापतात. पीएफला आधीच तो शब्द देऊन टाकला असेल तर इथे अनुवादक अडकतो, आणि एकच नाव दोन वेगळ्या रकमांना लागते.

दुसरा चुकीचा पर्याय 'अत-तअमीनात अल-इज्तिमाइया', सामाजिक विमा, हा आहे. सौदी नागरिकांच्या पगारातून या नावाने खरोखरच कपात होते, म्हणून तो वरवर पाहता पटतो. पण ती निवृत्तिवेतनाच्या विम्याची वर्गणी आहे. तिथे माणसाच्या नावावर बचतीची रक्कम साठत नाही, ठरावीक सेवेनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क तयार होतो. पोटगीच्या किंवा मालमत्तेच्या दाव्यात हा फरक थेट पैशांचा होतो. बचत निधीतली शिल्लक ही त्या माणसाची मालमत्ता म्हणून मोजायची की नाही, असा प्रश्न न्यायालयापुढे येऊ शकतो. विमा असे लिहिले असेल तर तो प्रश्न कोणाला सुचणारच नाही.

'इद्दिखार' हा शब्द निवडल्यावरही 'अल-हिंदी' हे विशेषण गाळू नये. अमिरातीत 2023 पासून मालकांना सेवासमाप्तीच्या मोबदल्याऐवजी गुंतवणूक निधीत दरमहा रक्कम भरण्याचा ऐच्छिक मार्ग खुला झाला आहे. ओमानच्या 2023 च्या सामाजिक संरक्षण कायद्यातही परदेशी कामगारांसाठी बचत व्यवस्थेची तरतूद आहे. दोन्हींच्या संदर्भात 'इद्दिखार' हाच शब्द फिरतो. 'भारतीय' या एका शब्दाने ही गल्लत टळते. शेजारी ईपीएफ ही संक्षिप्त अक्षरे मूळ रोमन लिपीत तशीच ठेवावीत, म्हणजे कोणालाही ती भारतीय संघटनेच्या नोंदीशी ताडून पाहता येतात.

हिश्शांच्या शब्दातही एक खाच आहे. वर्गणी या अर्थाने 'मुसाहमा' हा शब्द अरबीत चालतो, पण भागधारकांच्या कंपनीलाही 'शरिका मुसाहमा' म्हणतात. मालकाच्या 'मुसाहमा'वर नजर गेल्यावर कामगाराने कंपनीचे समभाग घेतले की काय, अशी शंका नको असेल तर 'हिस्सा' वापरावा. हा शब्द मराठीइतकाच अरबीतही सरळ आहे: 'हिस्सतुल-आमिल' आणि 'हिस्सत साहिबिल-अमल', कामगाराचा हिस्सा आणि मालकाचा हिस्सा.

नमुना पावतीच्या तळाशी मालकाचे दोन आकडे आहेत. मालकाचाही हिस्सा बारा टक्केच, म्हणजे 1,560. पण तो दोन ठिकाणी विभागला जातो. 13,000 चे 8.33 टक्के, पूर्ण रुपयांत 1,083, हे 1995 च्या निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि उरलेले 477 कामगाराच्या निधी खात्यात. ही विभागणी माहीत नसलेला अनुवादक कामगाराचे 1,560 आणि मालकाचे 477 यांत विसंगती आहे असे समजून आकड्यावरच संशय घेतो. त्याहून वाईट म्हणजे तळाच्या या रकमा कपातीच्या रकान्यात नेऊन ठेवतो. मग कपात 2,935 ऐवजी 4,495 होते आणि हातात आलेल्या 17,065 शी काहीच जुळत नाही. मालकाच्या हिश्शाचा तक्ता अनुवादातही वेगळा राहावा आणि त्यावर 'मालकाने भरलेले, पगारातून न कापलेले' असे स्पष्ट लिहावे, मूळ पावतीवर तसे नसले तरी अनुवादकाच्या टिपेत.

निवृत्तिवेतनासाठी नुसता 'मआश' पुरत नाही. इजिप्तमध्ये 'मआश' म्हणजे निवृत्तिवेतन, पण कुवेतच्या बोलीत 'मआश' म्हणजे चालू पगार. 'मआश तकाउदी' किंवा 'कामगार निवृत्तिवेतन योजना' अशा अर्थाची पूर्ण शब्दरचना केली की दोन्हीकडचा वाचक एकच अर्थ लावतो. कामगार कल्याण निधीलाही 'सुंदूक' हाच शब्द लागतो, 'सुंदूक रिआयतिल-उम्माल'. महाराष्ट्रात ही वर्गणी सहा महिन्यांतून एकदा, जून आणि डिसेंबरच्या पगारातून जाते, म्हणून जूनच्या पावतीवर तिचे 25 रुपये दिसतात आणि जुलैच्या पावतीवर दिसत नाहीत. दोन 'सुंदूक' एकाच रकान्यात असल्याने दोघांची पूर्ण नावे लिहिणे भाग आहे.

शब्द ठरल्यावर उरते ती मांडणी, आणि तिथे लिपीची दिशा अडथळे आणते. अरबी उजवीकडून डावीकडे लिहिली जाते. त्यामुळे तक्ता आरशातल्यासारखा उलटतो: कमाईचा रकाना उजवीकडे आणि कपातीचा डावीकडे येतो. अंक मात्र अरबीतही डावीकडून उजवीकडेच वाचले जातात. संगणकावर या दोन दिशा एकत्र आल्या की तिरकी रेघ किंवा आडवी रेघ असलेले क्रमांक बिघडतात. 2024-25 हे आर्थिक वर्ष पडद्यावर 25-2024 असे दिसू शकते. पीएफ खात्याच्या क्रमांकात प्रदेशाची आणि कार्यालयाची अक्षरे, मग आस्थापनेचा आणि शेवटी सभासदाचा क्रमांक असतो. त्याचे तुकडे जागा बदलतात आणि दिसणारा क्रमांक भलत्याच आस्थापनेचा होतो. असे क्रमांक डावीकडून उजवीकडे चालणारा वेगळा तुकडा म्हणून बसवावेत आणि छापील कागदावर पुन्हा मूळ फोटोशी ताडावेत. पडद्यावर बरोबर दिसलेला क्रमांक पीडीएफ करताना पुन्हा उलटल्याची उदाहरणे या कामात नेहमीची आहेत.

मूळ पावती मराठीत असेल तर अंकांचा आणखी एक धोका आहे. अरबी पूर्वेकडच्या अंकांत शून्य म्हणजे नुसता ठिपका असतो आणि पाच हा गोल असतो. देवनागरी शून्य आणि अरबी पाच शेजारी ठेवले तर डोळा फसतो. सहकारी संस्थेच्या पावतीवरचे '५००' अरबी वाचकाला पाचशे म्हणून दिसत नाही. त्याला पुढचा अंक अनोळखी आणि मागे दोन पाच दिसतात. म्हणून अनुवादात 0 ते 9 हे आंतरराष्ट्रीय अंक वापरावेत. आखाती बँका आणि कंपन्यांच्या कागदांत ते सर्रास असतात. लाखाचा स्वल्पविरामही बदलावा लागतो: 1,25,000 ही मांडणी तिथे छपाईची चूक वाटते, ती 125,000 अशी करावी.

चलन बदलून रियाल किंवा दिरहम लिहू नये, कारण विनिमय दर हा मूळ कागदाचा भाग नाही. पण 'रुपिया' एवढेच लिहूनही भागत नाही. पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंका यांचा रुपया आणि इंडोनेशियाचे चलन, या सगळ्यांना अरबीत हाच शब्द आहे. 'रुपिया हिंदिया' असे प्रत्येक बेरजेपाशी यायला हवे. अक्षरी रकमेत अरबी व्याकरण एकक आधी आणि दशक नंतर घेते, 'पाच आणि साठ', जसे मराठी 'पासष्ट' मध्येही पाच आधी येतात. रकमेच्या शेवटी मराठीत जे 'फक्त' लिहिले जाते तो शब्द अरबीतूनच आलेला आहे, आणि अरबीतही अक्षरी रक्कम 'फकत' आणि 'ला गैर', म्हणजे याहून अधिक नाही, अशा शब्दांत बांधली जाते.

कामगाराचे नाव अनुवादकाच्या कानाप्रमाणे लिहून चालत नाही. अरबीत प नाही, च नाही, ट आणि त किंवा ड आणि द यांतले भेदही नाहीत. पाटील 'बातील' होतो, पवार 'बवार' किंवा 'बावार' होतो. व्हिसावर किंवा निवासपत्रावर आधीच एक अरबी रूप छापले गेले असेल तर तेच घ्यावे, आणि शेजारी पासपोर्टवरचे रोमन स्पेलिंग ठेवावे. दोन कागदांवर दोन रूपे असली तर ही पावती त्याच माणसाची आहे हे वेगळे सिद्ध करत बसावे लागते.

शेवटी कागदावर जे अक्षर नाही तेही अनुवादात नोंदवले जाते: गोल शिक्का, वरचे बोधचिन्ह, हाताने केलेली सही किंवा 'संगणकावर तयार केलेली पावती, सहीची गरज नाही' ही ओळ. शिक्का आणि सही चौकोनी कंसात सांगतात, ती ओळ मात्र पूर्ण अनुवादित करतात, कारण सही नसण्याचे कारण तीच सांगते. त्याखाली अनुवादकाचे प्रमाणपत्र येते. त्यात अनुवाद मूळ कागदावरून नव्हे, त्याच्या छायाचित्रावरून केला आहे, हे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे, आणि तो फोटो छापून अनुवादाला जोडलेला असावा.